धागा: बोटीवरचा नवरा, दहा आठवड्यांचं बाळ आणि गर्भनिरोधकाचा प्रश्न

किनारपट्टी_थर्डइयर
पीएसएमची तोंडी परीक्षा जवळ आली आहे. गर्भनिरोधकांचे तक्ते पाठ झाले, पण केस समोर ठेवली की गडबडायला होतं. ग्रामीण पोस्टिंगला सरांनी ही केस दिली, आणि ती ओबीजीवायलाही तशीच्या तशी विचारतात म्हणे.

बाई २६ वर्षांची, मालवणजवळच्या मच्छीमार वस्तीतली. दुसरं बाळंतपण सिझेरियननं, बाळ दहा आठवड्यांचं. अंगावर पाजते, पण रात्री सासूबाई बाटलीनं वरचं दूध देतात. पाळी अजून आलेली नाही. हिमोग्लोबिन ८.६, बीपी नॉर्मल. लग्नाआधीपासून अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात. नवरा ट्रॉलरवर खलाशी. १ जूनला मासेमारी बंद झाली तसा तो घरी आला, आणि आज ३ जून. संबंध आला आहे. तिसरं मूल निदान तीन-चार वर्षं नको आहे.

प्रश्न असा: कोणती पद्धत द्याल, कोणती देणार नाही, आणि फेल्युअर रेट धरून कारण सांगा. माझं उत्तर आहे 'माला-एनची गोळी नको, अंतराचं इंजेक्शन द्या'. सर नुसते हसले.

हापूस_इंटर्न
सर हसले कारण तिला आत्ता काहीच द्यायची गरज नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी नाही, स्तनपान चालू, म्हणजे लॅम, स्तनपानातूनच मिळणारं गर्भनिरोधन. अपयशाचं प्रमाण सहा महिन्यांत साधारण दोन टक्के. सहा महिने झाले की कॉपर टी बसवा, विषय संपला. माला-एन स्तनपानात चालत नाही हे तुझं बरोबर.

एएनएम_ताई
अरे बाबा, रात्रीची बाटली वाचलीस ना? वस्तीत मी रोज बघते. आई म्हणते 'अंगावरच पाजतंय गो', आणि फडताळात बाटली असते. लॅमला पूर्ण स्तनपान लागतं, दिवसा आणि रात्री. रात्रीचा खंड पडला की त्यावर भरवसा ठेवायचा नाही. दोन बाळांत अकरा महिन्यांचं अंतर असलेली घरं आमच्या उपकेंद्रात आहेत, आणि पाळी आलीच नव्हती असं त्या बायका शपथेवर सांगतात. खरं सांगत असतात त्या. बीज पाळीच्या आधी सुटतं.

सुरंगी
मी डॉक्टर नाही, पण विषय निघालाच आहे म्हणून विचारते. गणपतीत पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून पाच मिलिग्रॅमची गोळी आणतो ना, दिवसातून तीन, ती घेतली की त्या दिवसांत दिवस जायची भीती नसते ना? माझे मिस्टर मुंबईला असतात, गणपतीलाच येतात. मी तेच गृहीत धरत होते. आणि मलाही अर्धशिशी आहे.

हर्णैकर
एवढं कशाला? नवरा चार दिवसांसाठी येणार, मग ७२ तासांची गोळी घ्यायची. आमच्याकडे सगळे चाकरमानी हेच करतात. कायमचं काही अंगात कशाला घालून घ्यायचं?

खाडीकाठ
(मी वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवते. त्याआधी बरीच वर्षं लेबर रूममध्ये होते.)

एकेकाला उत्तर देते.

सुरंगीताई, तुमची गोळी नॉरएथिस्टेरॉनची आहे आणि ती पाळी लांबवण्यासाठी आहे. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करता, तोवर बीज कदाचित सुटूनही गेलेलं असतं, म्हणून तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नका. त्या दिवसांसाठी निरोध हवाच. शिवाय एवढ्या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का, ते डॉक्टरांना सांगून मगच ती घ्या. दुकानातून परस्पर आणू नका.

हर्णैकर, ७२ तासांच्या गोळीचं काम समजून घ्या. ती बीज सुटणं लांबवते, बस. एलएचचा, म्हणजे बीज सोडायला लावणाऱ्या हार्मोनचा, उसळा आधीच सुरू झाला असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. आणि गोळीनं बीज आठ दिवस पुढे ढकललं आणि नवरा दोन महिने घरी आहे, तर पुढचा प्रत्येक संबंध उघडाच. म्हणून एकदा फसगत झाली तर गोळी ठीक. जून-जुलै पूर्ण घरी असलेल्या खलाशाच्या बायकोसाठी ती पद्धत होऊच शकत नाही.

आता मूळ केस. ही फार चांगली बांधलेली केस आहे. तीत प्रत्येक ओळ कामाची आहे, 'आज ३ जून' ही सुद्धा.

माला-एनपासून सुरुवात करू, कारण इथेच मुलं अर्धवट उत्तर देतात. तीत इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आहे. ती बीज सुटू देत नाही. या बाईला ती नको याची कारणं दोन आहेत, आणि ती एका वजनाची नाहीत. डब्ल्यूएचओची एमईसी म्हणजे कोणाला कोणती पद्धत चालते याचा तक्ता, १ म्हणजे बिनधास्त द्या, २ म्हणजे सहसा चालते, ३ म्हणजे सहसा नको, ४ म्हणजे मुळीच नको. त्यात स्तनपान करणाऱ्या बाईला सहा आठवडे ते सहा महिने या काळात संयुक्त गोळी म्हणजे कॅटेगरी ३, कारण दूध कमी होण्याची काळजी. सहा महिने झाले की ती २ होते. पण ऑरा, म्हणजे आधी डोळ्यांपुढे येणाऱ्या त्या चमकत्या रेषा, असलेली अर्धशिशी ही कुठल्याही वयात कॅटेगरी ४, कारण इस्ट्रोजेननं पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणजे बाळ मोठं झाल्यावर पहिलं कारण गळून पडतं आणि दुसरं आयुष्यभर राहतं. परीक्षक विचारतील, 'बाळ आठ महिन्यांचं झालं, आता देता का?' 'हो' म्हणालात तर गुण गेले.

किनारपट्टी_थर्डइयर
मॅडम, ऑराचं मी वाचलंच नव्हतं. नुसतं 'मायग्रेन' असं समजून पुढे गेलो. मग अंतरा का नाही? त्यात इस्ट्रोजेन नाही, सहा आठवड्यांनंतर स्तनपानात चालतं, तीन महिने कटकट नाही.

खाडीकाठ
अंतरा चुकीचं नाही, दुसऱ्या क्रमांकाचं आहे. डीएमपीए १५० मिलिग्रॅम स्नायूत. एलएचचा उसळा दाबतं, गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट करतं. ऑरावाल्या बाईत सुरू करायला कॅटेगरी २. पण ते चालू असताना ऑरा पहिल्यांदा आला किंवा असलेला वाढला तर ३ होते, म्हणजे मग सहसा थांबवायचं. थांबवायचं म्हटलं तरी टोचलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही, हा इंजेक्शनचा कायमचा तोटा. शेवटच्या इंजेक्शनपासून पुन्हा गर्भ राहायला सरासरी सात ते दहा महिने लागतात. तिला ३-४ वर्षं मूल नकोच आहे, त्यामुळे इथे ते फार आड येत नाही.

खरा मुद्दा वेगळा आहे. आज ३ जूनला अंतरा टोचलं, तर दोन दिवसांपूर्वीच्या संबंधाचं काय?

हापूस_इंटर्न
यूपीटी, म्हणजे लघवीची गर्भचाचणी, करायची. निगेटिव्ह आली तर टोचा.

खाडीकाठ
दोन दिवसांपूर्वीच्या संबंधाची यूपीटी आज निगेटिव्हच येणार. गर्भ रुजल्याशिवाय एचसीजी लघवीत येत नाही, आणि रुजायला आठवडाभर तरी जातो. निगेटिव्ह चाचणीनं जुनी गर्भधारणा नाकारता येते, आणि ती तर इथे शक्यच नाही. बाळंतपणानंतर नवरा आत्ताच घरी आला. हेच या केसचं मर्म.

कॉपर टी ३८०ए. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली की तीच आपत्कालीन पद्धत, आणि काढेपर्यंत दहा वर्षं नेहमीचीही पद्धत. चार आठवडे उलटल्यानंतर बाळंतिणीला, सिझेरियन असलं तरी, कॅटेगरी १. ऑराला १. स्तनपानाला अडथळा नाही. बोटीचं वेळापत्रक काहीही असो, आठवणीवर काही अवलंबून नाही. माझं उत्तर हेच: आज, जास्तीत जास्त परवापर्यंत, कॉपर टी.

आडवं येऊ शकतं ते हिमोग्लोबिन. कॉपर टीनं पाळीत रक्त जास्त जातं. रक्तक्षयाला एमईसी २ देते, म्हणजे देता येते, पण लक्ष ठेवून. लोह आजच सुरू करायचं. पाळी परत येईल तेव्हा दिवस किती, घड्या किती बदलाव्या लागतात, गाठी पडतात का, हे विचारायचं आणि हिमोग्लोबिन पुन्हा बघायचं. दुसरी गोष्ट पुस्तकात अर्ध्या ओळीत असते: अंगावर पाजणाऱ्या बाईत गर्भाशय मऊ असतं, बसवताना छिद्र पडण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो. एकूण धोका लहानच आहे, पण म्हणूनच आधी आतून तपासून गर्भाशय पुढे झुकलंय की मागे हे ठरवायचं आणि साउंड हळू घालायचा.

एएनएम_ताई
मॅडम, सांभाळायचं एक अजून. धागा हाताला लागतो का ते पाळीनंतर बघायला सांगतो, कारण टी निसटली तर बहुधा पहिल्या काही महिन्यांतच, पाळीच्या रक्ताबरोबर निसटते. बाईला कळतसुद्धा नाही. धागा लागला नाही तर 'आत गेला असेल' म्हणून सोडायचं नाही. निरोध वापरायचा, आधी यूपीटी, मग सोनोग्राफी. सोनोग्राफीत दिसली नाही तर पोटाचा एक्सरे.

आणि छायाचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे आता तीच जास्त जाते.

हापूस_इंटर्न
छाया हार्मोनची गोळी आहे, स्तनपानात कशी देणार?

एएनएम_ताई
हार्मोनची नाही रे. माला-एनच्या शेजारी कपाटात असते म्हणून सगळ्यांना तसं वाटतं.

खाडीकाठ
ताई बरोबर सांगतायत. छाया म्हणजे सेंटक्रोमन ३० मिलिग्रॅम. लखनौच्या सीडीआरआयनं शोधलेली. इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काही ठिकाणी अडथळा करते, काही ठिकाणी इस्ट्रोजेनसारखीच वागते. बीज सुटणं ती बहुतेक वेळा थांबवत नाही. गर्भाशयाचं अस्तर आणि बीज यांची वेळ जुळू देत नाही, म्हणून गर्भ रुजत नाही. सरकारी मार्गदर्शनात ती स्तनपानात चालते. अर्धशिशीचं इस्ट्रोजेनवालं कारण इथे लागू होत नाही, पण एमईसीच्या तक्त्यात सेंटक्रोमन शोधू नका, सापडणार नाही. न देण्याची कारणं पाठ ठेवा: पीसीओएस, नुकतीच झालेली कावीळ किंवा यकृताचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, क्षय.

पण तिचा डोस आठवडी आहे, आणि घोळ तिथेच होतो.

एएनएम_ताई
पहिले तीन महिने आठवड्याला दोन गोळ्या. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. बायका दोन चुका करतात. एक, तीन महिने झाले तरी दोन घेत राहतात, मग पाकीट लवकर संपतं. दुसरी जास्त वाईट: घोव बोटीवर गेला की गोळी बंद, आला की सुरू. 'माका एकटीक कित्याक व्हयी गोळी?' असं विचारतात. मी कॅलेंडरवर लाल पेननं खुणा करून देते.

खाडीकाठ
आणि तसं करून चालत नाही. पहिल्या तीन महिन्यांतला दुप्पट डोस असतो तो रक्तातली पातळी चढवण्यासाठी. औषध शरीरातून हळूहळू जातं, अर्धं कमी व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून पुढे आठवड्याला एक पुरते. मध्येच बंद केली की पातळी उतरते. गोळी चुकून सात दिवसांपेक्षा जास्त गेले तर नव्यानं सुरुवात, पुन्हा आठवड्याला दोन. नवरा दारात आल्यावर सुरू करायची ही गोळी नव्हे.

अबोली_रत्नागिरी
मी हीच घेते, आठ महिने झाले. पाळी वीस दिवस लांबली आहे. हे वाचून घाबरले. गोळी एकही चुकलेली नाही.

एएनएम_ताई
घाबरू नको गो. या गोळीनं काहींची पाळी लांबते, पण पंधरा दिवसांच्या वर गेली की चाचणी करायचीच. उद्या उपकेंद्रात जा, आशाताईकडेही किट असतं. चाचणी निगेटिव्ह आली तर गोळी चालू ठेव. पॉझिटिव्ह आली तर गोळी थांबव आणि लगेच डॉक्टरांना दाखव.

हापूस_इंटर्न
मान्य, लॅम आणि छाया दोन्हींत माझा नेम चुकला. पण फेल्युअर रेटवर बोला ना. कुठल्या पुस्तकात निरोध १८, कुठे १३, कुठे २. परीक्षेत कुठला आकडा लिहायचा?

खाडीकाठ
२ हा प्रत्येक वेळी, बरोबर वापरला तर. १३ आणि १८ हे लोक जसा वापरतात तसा, पहिल्या वर्षात शंभर बायकांमागे. १८ जुन्या अमेरिकन पाहणीतून, १३ नंतरच्या. दोन्हींपैकी कुठलाही लिहा, पण 'नेहमीच्या वापरात' हे शब्द सोडू नका. गोळीचं तसंच: ०.३ विरुद्ध ७ ते ९. आणि कॉपर टीला ०.६ विरुद्ध ०.८. पद्धत ज्या माणसाच्या आठवणीवर चालते तिथे हे दोन आकडे लांब जातात, आणि जिथे माणसाच्या हातात काही नसतं तिथे जवळ येतात. या बाईला कॉपर टी का, याचं फेल्युअर रेटच्या भाषेतलं उत्तर एवढंच आहे.

आता एक गणित देते, आपल्याच किनाऱ्यावरचं, कल्पित. वस्तीतल्या ५० बायका, सगळ्यांचे नवरे निरोध वापरतात, एक वर्ष पाहिलं, ३ जणींना दिवस गेले. पर्ल इंडेक्स काढा.

किनारपट्टी_थर्डइयर
५० × १२ = ६०० महिने.
(३ × १२००) ÷ ६०० = ६.
सहा, दर शंभर स्त्री-वर्षांमागे. पण मॅडम, पूर्ण दिवसांची गर्भधारणा असेल तर छेदातून दहा महिने वजा करायचे असतात ना? आणि गर्भपात असेल तर चार.

खाडीकाठ
शाब्बास, तोंडीत ते नक्की सांग. इथे मी सोपं ठेवलंय. आता मला सांग, या बायकांचे नवरे वर्षातून चारच महिने घरी असतात. मग?

किनारपट्टी_थर्डइयर
मग धोक्याचे महिने खरे ५० × ४ = २००. (३ × १२००) ÷ २०० = १८. तिप्पट!

खाडीकाठ
तीच माणसं, तोच निरोध, त्याच तीन गर्भधारणा. नवरा समुद्रात असलेले महिने छेदात धरले म्हणून पद्धत तिप्पट चांगली दिसली. खलाशी आणि चाकरमान्यांच्या गावात पर्ल इंडेक्स वाचताना हे डोक्यात ठेवा. दुसरा दोष पुस्तकात असतोच: ज्यांची पद्धत लवकर फसते त्या पहिल्याच वर्षात गळतात, मागे काळजीनं वापरणाऱ्या उरतात, म्हणून पाहणी जितकी लांबवाल तितका आकडा आपोआप खाली येतो. दोन पाहण्यांचा काळ वेगळा असेल तर त्यांचे पर्ल इंडेक्स शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी लाइफ टेबल, म्हणजे महिन्यागणिक हिशेब.

हर्णैकर
म्हणजे आमच्या गावात निरोध चांगला चालतो असं मी समजत होतो ते नवरे नसतात म्हणून! बरं, पण कॉपर टीनं गर्भ पडतो असं आमच्याकडे म्हणतात. काही घरांत म्हणूनच नको म्हणतात.

खाडीकाठ
तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात. नेहमीच्या वापरात मुख्य काम फलनाआधीच होतं. घरात समजावताना मी हेच सांगते. संबंधानंतर बसवली तर काही वेळा रुजणं अडत असेल, ते लपवत नाही. रुजलेला गर्भ पाडायला ती बसवत नाहीत, उलट गर्भ आहे अशी शंका असेल तर ती बसवायचीच नाही.

हापूस_इंटर्न
मॅडम, शेवटचा वाद. तिला आधी एक्टोपिक झालेली असती तर? पीएसएमच्या पुस्तकात आधीची एक्टोपिक हे कॉपर टीचं पूर्ण निषिद्ध कारण आहे. एमईसीत तीच कॅटेगरी १. दोन्ही बरोबर कसे?

खाडीकाठ
कॉपर टी असताना गर्भ राहिलाच, तर तो नलिकेत असण्याचं प्रमाण जास्त असतं. कारण गर्भाशयातली गर्भधारणा ती नलिकेतल्यापेक्षा जास्त चांगली थोपवते. जुनी यादी या प्रमाणावर उभी आहे. पण काहीच न वापरणाऱ्या बाईशी तुलना केली तर एकूण एक्टोपिक कमीच होतात, कारण मुळात गर्भच फार कमी राहतात. एमईसी हे बघते. रुग्णासमोर मी एमईसीच्या बाजूनं आहे.

हापूस_इंटर्न
आणि एमसीक्यूमध्ये?

खाडीकाठ
पर्यायांत सध्याचा ओटीपोटातला जंतुसंसर्ग किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तो निवडा, तिथे वाद नाही. एक्टोपिक एकटीच उरली असेल तर पीएसएमच्या पेपरात पुस्तकाप्रमाणे. तोंडीत मात्र दोन्ही सांगा, मग परीक्षक कोणत्या बाजूचे निघतात ते बघा. आमच्याच विभागात यावर एकमत नाही.

किनारपट्टी_थर्डइयर
सरांना आज हेच उत्तर दिलं. ते म्हणाले, 'बरं, ती बाई मिश्री लावते. आता माला-एनबद्दल काय?' मी म्हटलं धूम्रपानाचा नियम पस्तिशीनंतरचा आहे, ती २६ ची. ते म्हणाले, 'मी धूम्रपान म्हटलंच नाही.' आता?

खाडीकाठ
एमईसीची ओळ सिगारेटची आहे. मिश्रीला ती तशीच लावायची की नाही यावर मी ठामपणे बोलणार नाही. पण ऑरा आहे तोवर तिला माला-एनच्या दारापर्यंत जायचंच नाही, तेव्हा सरांना आधी तेच ऐकव. मिश्रीवाली, पस्तिशीपुढची, ऑरा नसलेली बाई कुणाच्या ओपीडीत आली असेल तर इथे लिहा. मलाही वाचायचंय.

एएनएम_ताई
माझ्या यादीत अशा तिघी आहेत मॅडम. दोघींचं बीपी वर आहे. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता लसीकरणाचा दिवस आहे.